ज्ञात-अज्ञात हात

आभारप्रदर्शन म्हणजे नक्की काय, हे तुम्हाला सांगायला नको. सोसायटीचा गणपती असो नाहीतर ऑफिसचा अ‍ॅन्युअल डे, सूत्रसंचालकाने 'आता आभारप्रदर्शनासाठी मी आमंत्रित करते...' म्हटलं रे म्हटलं की अर्धा हॉल चपला शोधायला लागतो. उरलेल्या अर्ध्याचं लक्ष दारातल्या समोशांकडे. आणि स्टेजवर एक बिचारा जीव कागदाकडे बघत म्हणत असतो, "ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी या कार्यक्रमाला हातभार लावला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व."

एप्रिल २०२३ मध्ये तो बिचारा जीव मी होते.

आमच्या अ‍ॅनिमेशन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फिल्म. लांबी ४ मिनिटं ४० सेकंद, टू-डी, म्हणजे एकेक चित्र हाताने काढलेलं. गोष्ट साधी. चाळीतला नळ, पहाटेचं पाणी आणि एक आजी जी रोज सगळ्यांच्या आधी हंडा लावते. प्रीमियर पुण्यात, कॉलेजच्याच हॉलमध्ये. मी या फिल्मची प्रॉडक्शन मॅनेजर होते. ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्यक्षात काम एकच, कुठला शॉट कुणाकडे आहे आणि तो अजून का झाला नाही याची एक्सेल शीट सांभाळायची आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. प्रीमियरच्या आठ दिवस आधी मीटिंग झाली. दिग्गू (आमचा दिग्दर्शक, म्हणून दिग्गू) म्हणाला, "आभार तू मान. तुला स्टेजची भीती वाटत नाही आणि तुझ्याकडे लिस्ट आहे."

लिस्ट होतीच. तिथेच घोळ झाला.

(आधीच सांगते. हॉलमध्ये मी सगळ्यांची पूर्ण नावं घेतली होती, प्रत्येकाला विचारून. या पानासाठी विचारलेलं नाही, म्हणून इथे टीममधली टोपणनावंच चालवून घ्या. नाहीतरी आम्ही एकमेकांना त्याच नावांनी ओळखायचो.)

पहिल्या रात्री मी बसले आणि दहा मिनिटांत भाषण लिहून टाकलं. दिग्दर्शक, अ‍ॅनिमेटर, बॅकग्राउंड, म्युझिक, आमचे गाइड सर, प्राचार्य, प्रमुख पाहुणे. आणि शेवटी, अर्थातच, ज्ञात-अज्ञात हात. माझी रूममेट शेजारच्या कॉटवर आडवी पडून ऐकत होती. ती इंजिनीअरिंगची, अ‍ॅनिमेशनशी काडीचा संबंध नाही. ती म्हणाली, "अगं, ते अज्ञात कसे? तुझ्या शीटमध्ये सगळं लिहिलेलं असतं ना? कुणी केलं, कधी केलं?"

वाक्य साधंच होतं, पण डोक्यातून जाईना. नाटकात कुणीतरी विंगेतून हळूच खुर्ची सरकवून दिली तर ते हात खरंच अज्ञात राहू शकतात. अ‍ॅनिमेशनमध्ये तशी सोयच नाही. पडद्यावरचं पान आपोआप हलत नाही. वारासुद्धा कुणीतरी काढलेला असतो. प्रत्येक चित्राची फाइल असते, फाइलला नाव असतं, शीटमध्ये त्यापुढे माणसाचं नाव असतं. इथे एखादा अज्ञात राहिला, तर त्याचा अर्थ मी शीट उघडली नाही, एवढाच.

मग उघडली. फिल्मचे ५८ शॉट होते. सगळे एकदम बघितले तर वेड लागलं असतं, म्हणून म्हटलं एकच घेऊ आणि तो ज्या ज्या हातांतून गेला ते मोजू. मी शॉट ३१ घेतला. आजी नळाखालचा भरलेला हंडा उचलते, कमरेवर घेते, वळते आणि चालू लागणार एवढ्यात थांबते. मागे नळाची धार तुटलेली असते. बस्स. पाच सेकंद.

पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम, कारण एका सेकंदाला २४. पण आपण दर फ्रेमला नवं चित्र काढत नाही. एकच चित्र दोन फ्रेम दाखवतो, डोळ्याला तेवढं पुरतं. शिवाय सुरुवातीला आजी १२ फ्रेम स्थिर उभी आहे आणि शेवटी १६ फ्रेम थांबते. या दोन्ही ठिकाणी एकेकच चित्र धरून ठेवलंय. उरल्या ९२ फ्रेम, त्यांची ४६ चित्रं. एकूण ४८. पाच सेकंदांसाठी ४८ चित्रं. आता बघा ती कुणाची.

सगळ्यात आधी दिग्गूचं स्टोरीबोर्ड. काड्यापेटीएवढ्या चौकटीत तीन रेघांची आजी. त्यानंतर गाडी अडली होती ती इथेच, कारण भरलेला हंडा कमरेवर कसा घेतात हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही सगळी फ्लॅटमधली पोरं. पहिल्या टेस्टमध्ये आजीने हंडा असा उचलला होता की आत पाण्याऐवजी कापूस असावा. मग आमच्या मेसच्या मावशींना विचारलं. त्या हसल्या आणि मेसच्या मागच्या मोरीत त्यांनी तीनदा हंडा उचलून दाखवला, आम्ही मोबाइलवर शूट केलं. तेव्हा कळलं की हंडा हाताने उचलतच नाहीत. आधी गुडघ्यावर टेकवतात, क्षणभर तिथे दम घेतात, मग अंग उलट्या बाजूला झोकून कमरेवर फेकतात. त्या झोकण्यात सगळं वजन दिसतं. फिल्ममधली आजी जे करते ते मावशींनी केलेलं आहे, मापासकट. आणि माझ्या पहिल्या लिस्टमध्ये मावशी नव्हत्याच.

तो व्हिडिओ घेऊन शॉट पेन्सिलकडे गेला. पेन्सिल आमचा मुख्य अ‍ॅनिमेटर. त्याने सहा की-ड्रॉइंग्ज काढली, म्हणजे हालचालीतले मुख्य मुक्काम. उभी, वाकलेली, गुडघ्यावर हंडा, झोक, कमरेवर, वळलेली. मग त्यांच्या अधली पाच ब्रेकडाउन ड्रॉइंग्ज, जी ठरवतात की एका मुक्कामावरून दुसऱ्यावर कुठल्या रस्त्याने जायचं. आणि प्रत्येक कीच्या कोपऱ्यात शिडीसारखा छोटा टायमिंग चार्ट. उभी रेघ, तिच्यावर आडव्या खुणा. खुणा जिथे जवळजवळ, तिथे हालचाल संथ. जिथे लांब, तिथे झपकन. आमच्यातले सगळे या चार्टवर इंग्रजी आकडे लिहायचे, पेन्सिल एकटा मराठी. त्याच्या आईने शाळेत असताना लावलेली सवय म्हणे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहा आणि पाच अकरा. उरली ३७. ती दोन मुलींनी काढली. कायम बरोबर असायच्या म्हणून त्यांना सगळे जुळ्या म्हणायचे. या कामाला इन-बिट्वीन म्हणतात, आणि लोकांना वाटतं की दोन चित्रांच्या मधलं तिसरं काढायचं, त्यात काय एवढं! प्रयत्न करून बघा. वाकलेल्या आणि उभ्या आजीच्या डोक्यांच्या बरोब्बर मध्ये डोकं काढलं तर ते सरळ रेषेत वर येतं, लिफ्टसारखं. माणसाचं डोकं कमानीतून वर येतं. ती कमान प्रत्येक चित्रात पकडायची. त्यात हंडा! तो बिचारा धातूचा, त्याचा आकार बदलायला नको. पण ३७ चित्रांत कुठे एक मिलिमीटर जाड, कुठे बारीक झाला की पडद्यावर हंडा श्वास घ्यायला लागतो. आमचा लागला होता. दिग्गू ओरडला, "हा हंडा आहे की फुगा?" जुळ्यांनी हंड्याचं एक पुठ्ठ्याचं माप करून स्क्रीनला लावून लावून तीन दिवसांत सगळं परत काढलं. नीट झालेलं इन-बिट्वीन कुणाला दिसत नाही. चुकलेलं तेवढं दिसतं.

पुढचा हात ताईचा. ती आमच्याहून आठ वर्षांनी मोठी, लग्नानंतर परत शिकायला आलेली. तिचं काम क्लीन-अप. पेन्सिलच्या झरझर रेघा आणि जुळ्यांच्या जरा घाबरलेल्या रेघा, हे सगळं पुसून ४८च्या ४८ चित्रं एका स्वच्छ रेषेत पुन्हा काढायची. एका चित्राला साधारण २० मिनिटं. म्हणजे या एका शॉटचे १६ तास. गंमत अशी की ताईचं काम जितकं चांगलं, तितकी ताई गायब. कारण शेवटी पडद्यावर दिसते ती रेष ताईची असते, पण बघणारा म्हणतो, "काय ड्रॉइंग आहे पेन्सिलचं!" ताईने स्वतःची सही दिसू न देण्यासाठीच तर १६ तास घातलेले असतात.

मग फर्स्ट इयरची तीन पोरं, रंग भरणारी. रेषेत केसाएवढी फट राहिली तर साडीचा हिरवा रंग तिथून गळतो आणि दोन फ्रेमना अख्खा पडदा हिरवा होतो. सेकंदाच्या बाराव्या भागासाठीच, पण प्रेक्षक दचकतो. ती फट शोधायला पोरं एकेक फ्रेम पुढे-मागे करत बसायची. मागचा नळ, ओली फरशी आणि चाळीचा कठडा वाड्याने रंगवला (तो वाडे भारी काढतो). हे सगळे थर एकमेकांवर ठेवून पहाटेचा निळा उजेड आणि पाण्याची चमक नाइट शिफ्टने आणली. त्याला दिवसा कुणी बघितलेलं नाही. साउंडवाल्याने, म्हणजे डब्याने, खरा हंडा न वापरता तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून आवाज केला, कारण खऱ्या हंड्याचा आवाज माइकवर खोटा वाटत होता. आणि लॅबचे काका, जे शेवटच्या पंधरवड्यात रात्री लॅब उघडी ठेवून बाहेर स्टुलावर बसून राहायचे.

मोजलं. पाच सेकंदांत तेरा हात. माझ्या दहा मिनिटांत लिहिलेल्या भाषणात त्यातले चारच होते.

हे फक्त आमच्या कॉलेजातलं नाही. डिस्नेची 'स्नो व्हाइट' १९३७ सालची. त्या फिल्मच्या पारदर्शक सेलवरची रेष आणि रंग स्टुडिओच्या इंक अँड पेंट विभागातल्या बायकांनी हाताने केले, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं पडद्यावर नाहीत. आजही मोठ्या सिनेमाचं व्हीएफएक्स काम घेणाऱ्या स्टुडिओला बरेचदा ठरावीक नावांचाच कोटा मिळतो. काम केलेली माणसं जास्त, जागा कमी. मग कुणाला वगळायचं हे तिथला माझ्यासारखाच कुणीतरी शीटवाला ठरवतो. आम्हाला असा कोटा नव्हता. आम्हाला होती तीन मिनिटं.

ती पण मारामारीने. सूत्रसंचालिका म्हणत होती दोन. मी मोबाइलवर वेळ लावून वाचून बघितलं. सगळी मिळून २३ नावं. नुसती नावं वाचली तर पाऊण मिनिट लागतं, पण हजेरी घेतल्यासारखं वाटतं आणि कुणी काय केलं ते कळतच नाही. प्रत्येक नावाबरोबर कामाचं एक वाक्य जोडलं की माणशी आठ सेकंद. २३ गुणिले आठ, १८४ सेकंद. तीन मिनिटं आणि वर चार सेकंद. म्हटलं, प्राचार्य आणि प्रमुख पाहुण्यांना चार सेकंदांत बसवू. (बसले नाहीत. त्यांचे आभार सूत्रसंचालिकेने आधीच उरकले, देव तिचं भलं करो.)

नावं गोळा करणं हे वेगळंच प्रकरण. मावशींकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?" तीन वर्षं रोज त्यांच्या हातचं जेवत होतो आणि हे विचारायची वेळ पहिल्यांदा आली होती. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? पैसे बाकी हायेत का कुणाचे?" मग पदराला हात पुसून त्यांनी नाव सांगितलं, आणि जरा थांबून म्हणाल्या, "माहेरचं पण लिवणार का?" लिहिलं.

आता खरा प्रॉब्लेम. पेन्सिल.

तुम्हाला वाटलं असेल पेन्सिल सगळ्यात वरच्या नावांत असेल. तो डिसेंबर २०२२ मध्ये फिल्म सोडून गेला होता. त्याला एका स्टुडिओत नोकरी मिळाली, घरी पैशांची गरज होती. त्याने दिग्गूला सांगितलं एका शुक्रवारी, आणि सोमवारपासून आला नाही. २६ शॉट बाकी होते. दिग्गूने आणि टेन्शनने (आमचा दुसरा अ‍ॅनिमेटर, नावावरून स्वभाव कळला असेलच) चार महिने रात्री जागून ते ओढले. दिग्गूचं वजन सहा किलोंनी उतरलं. त्यामुळे लिस्टवर पेन्सिलचं नाव बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"याचं नाव घ्यायचं नाही."

"अरे, शीटमध्ये ३२ शॉट त्याच्या नावावर आहेत."

"अर्ध्यात पळून गेला तो. बरं, चल, विशेष आभारमध्ये टाक. एंड टायटलमध्ये पण तिथेच टाकलाय मी."

विशेष आभार म्हणजे काय ते ऑफिसात काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक असेल. तिथे ज्याने टेम्पो दिला तो असतो, ज्याच्या काकांनी हॉल स्वस्तात मिळवून दिला तो असतो. त्या रांगेत उभं केलं की माणसाचा अपमान पण होत नाही आणि त्याने काय केलं ते पण कुणाला कळत नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की सोडून गेल्याचा राग माणसावर काढ, शॉट ३१ वर काढू नकोस. त्याने काढलेली सहा चित्रं डिसेंबरमध्ये त्याच्याबरोबर निघून गेली नाहीत. ती पडद्यावर आहेत. ती काढून टाकायची तयारी असेल तर नाव पण काढू.

दिग्गू चिडला. मी पण काही शहाण्यासारखी बोलले नाही, त्याला म्हटलं की तुझं नाव फिल्ममध्ये तीनदा येतं, दिग्दर्शन, कथा, संकलन, त्यातलं एक दे त्याला. हे बोलायला नको होतं. कारण ती तिन्ही कामं त्याने खरंच केली होती. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'भाषण तुझं आहे. एंड टायटल माझं.' म्हटलं, ठीक.

प्रीमियरच्या दिवशी हॉल भरला होता. आईबाबा लोक, ज्युनियर्स, मावशी तिसऱ्या रांगेत हिरवी काठापदराची साडी नेसून. फिल्म सुरू झाली. शॉट ३१ आला. आजीने हंडा झोकला, वळली, थांबली. मग ३२, आजीचा क्लोज-अप, आणि ती म्हणते, "गेलं का पाणी?" हॉल फुटला हसून. आणि त्या हशात मला एकदम घाम फुटला, कारण मला तेव्हा कळलं की माझ्या २३ नावांत एक नाव नाहीये.

तो विराम. वळल्यावर ती १६ फ्रेम थांबते, सेकंदाचा दोन तृतीयांश भाग. लोक हसले ते त्या थांबण्यामुळे. ते थांबणं आलं कुठून? अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी येतो, चित्र नंतर. अ‍ॅनिमेटर आवाजाच्या मापावर चित्र बसवतो. आमच्याकडे सुरुवातीला आजीचा आवाज द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तात्पुरता ट्रॅक मी माझ्या रूममेटकडून मोबाइलवर करून घेतला होता, खोलीत, तोंडावर पांघरूण घेऊन, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून. तिने वाक्याआधी श्वास घेतला. पेन्सिलला तो आवडला आणि त्याने एक्सपोजर शीटवर १६ फ्रेम धरल्या. पुढे एका रंगभूमीवरच्या ज्येष्ठ बाईंनी फुकटात खरा आवाज दिला, पण तोवर चित्र तयार होतं. त्यांनी पडद्याकडे बघत तेवढाच वेळ थांबून वाक्य म्हटलं. रूमीचा आवाज फिल्ममधून गेला. तिचा श्वास राहिला. आणि 'ते अज्ञात कसे?' हे मला विचारणारीच माझ्या लिस्टवर नव्हती. शीटमध्ये तात्पुरत्या आवाजाला कॉलमच नव्हता ना!

स्टेजवर गेले तेव्हा अपेक्षेप्रमाणे खुर्च्यांचे आवाज सुरू झाले होते. मी कागद बाजूला ठेवला नाही, तसं सिनेमात होतं. मी कागद घट्ट धरून वाचायला लागले.

"मी आज ज्ञात-अज्ञात हातांचे आभार मानणार नाही. फक्त ज्ञात हातांचे मानणार आहे. आपण आत्ता एक आजी हंडा उचलताना बघितली. तो हंडा प्रत्यक्षात उचलला होता आमच्या मेसच्या..." आणि मावशींचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. तिसऱ्या रांगेत गडबड झाली. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि शेजारच्या बाईंना कोपराने ढोसलं. दाराकडे निघालेले तीन-चार जण थांबले, हे मला वरून दिसलं.

मग मी त्या हंड्याबरोबरच पुढे गेले. ज्याने तो झोक सहा चित्रांत पकडला, तो आज इथे नाही, पण त्याचे शॉट आहेत, आणि त्याचं नाव. दिग्गूकडे मी बघितलं नाही. ज्या दोघींनी हंडा श्वास घेऊ दिला नाही. जिने आपली रेष दिसू नये म्हणून १६ तास घातले. ताईची मुलगी पहिल्या रांगेत होती, सहा वर्षांची, ती आईचं नाव ऐकून मोठ्याने म्हणाली, "माझी आई!" फर्स्ट इयरची तीन पोरं, एकेक करून, कारण 'आणि ज्युनियर्स' म्हणून मी त्यांची मोट बांधणार नव्हते. वाडा. नाइट शिफ्ट (तो खरंच आला होता, लोक वळून बघत होते). डबा. टेन्शन, ज्याने अर्ध्यातून उचललेले शॉट असे पुरे केले की जोड दिसत नाही. लॅबचे काका दरवाज्यात उभे होते, नाव ऐकल्यावर त्यांना वाटलं काहीतरी काम आहे आणि ते स्टेजकडे यायला निघाले. आणि चोविसावं नाव कागदावर नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही हसलात ना, आजी बोलायच्या आधी थांबते तिथे? ते थांबणं माझ्या रूममेटचं आहे," आणि नाव. ती मागे समोशांच्या टेबलापाशी उभी होती, तोंडात घास.

तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली. सूत्रसंचालिकेने घड्याळ दाखवलं. दिग्गूचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतलं, आणि म्हटलं की हे सगळे हात एका फिल्ममध्ये आणण्याचं काम याचं. तो टाळ्या वाजवत होता, पण माझ्याकडे न बघता.

पेन्सिल आला नव्हता. नाइट शिफ्टने भाषण मोबाइलवर शूट केलं होतं, ते त्याला पाठवलं. आठवडाभर काहीच नाही. मग रात्री सव्वा एकला मेसेज. थँक्यू वगैरे नाही. फक्त: 'शॉट ३२ पण माझा आहे. शीट चेक कर.'

मला जाम राग आला. ३२ म्हणजे तो हशाचा क्लोज-अप. शीटमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, दिग्गू, फेब्रुवारी २०२३. तरी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन सर्व्हरवरून `sh032_rough_v05` उघडली. दिग्गूचीच चित्रं, त्याच्याच रेघा. लेयर्सची यादी खाली सरकवली. सगळ्यात तळाशी एक बंद केलेला लेयर होता, नाव `old`. डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं. आजीच्या चेहऱ्याची तीन चित्रं. नळाकडे बघणारी, भुवया वर, तोंड उघडं. दिग्गूने त्यांच्यावरच आपली काढली होती, मधलं थोडं बदलून. आणि पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात टायमिंगची शिडी, तिच्यावर मराठी आकडे. १, ५, ९.

मी दिग्गूला फोन करून बोलावलं. काही न बोलता स्क्रीन दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मी विसरलोच होतो रे देवा. त्या रात्री मला सुचत नव्हतं, म्हणून त्याची फाइल उघडली होती." मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने एंड टायटलची फाइल उघडली. फेस्टिव्हलला पाठवायची कॉपी परवा द्यायची होती. त्याने विशेष आभारमधून पेन्सिलचं नाव काढलं, अ‍ॅनिमेशनच्या खाली पहिलं टाकलं, टेन्शनच्या वर, स्वतःच्या वर. रूमीसाठी नवी ओळ करावी लागली, तिला काय म्हणायचं यावर आम्ही वीस मिनिटं घातली. शेवटी लिहिलं, 'आजीचा तात्पुरता आवाज'.

मी शीटमध्ये ३२ समोर दोन नावं केली आणि एक कॉलम वाढवला. रेंडर लावला. नाव वाढल्याने टायटल चार सेकंदांनी लांबलं, म्हणजे म्युझिक पण परत जुळवायला लागणार होतं. डब्याला झोपेतून उठवायचं काम अर्थातच प्रॉडक्शन मॅनेजरचं.